गुंतवणूक सल्लागाराचा वेबिनार: पात्रता, कागदपत्रे आणि जाहिरातीची पूर्वमंजुरी

नवे ग्राहक मिळावेत म्हणून मोफत वेबिनार घ्यायचा, तर त्याचं निमंत्रण सेबीच्या लेखी जाहिरातच असतं. पोस्टर, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज, नावनोंदणीचं पान आणि स्लाइड हे सगळं त्यात येतं. पाहुण्यांना बोलावल्यासारखा मेसेज पाठवून मोकळं होता येत नाही.

आधी पात्रता. ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ असं लिहिण्यासाठी सेबीची गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी हवी. फक्त एआरएन असेल, तर तुम्ही म्युच्युअल फंड वितरक आहात. पोस्टरवरही तसंच लिहा. वितरकांनी हे बिरुद लावू नये असं 2020 पासून नियमातच आहे, तरी ते अजून सर्रास दिसतं. पुढची प्रक्रिया नोंदणीकृत सल्लागारांसाठी आहे.

5 एप्रिल 2023 च्या परिपत्रकानुसार जाहिरातीला देखरेख करणाऱ्या संस्थेची, म्हणजे आता बीएसईची, पूर्वमंजुरी लागते. त्यासाठी पोस्टर, मेसेजचा मजकूर, नावनोंदणीचं पान आणि सगळ्या स्लाइड एकत्र तयार ठेवा. नोंदणीत आहे तसंच नाव, कार्यालयाचा पूर्ण पत्ता, सेबीचा नोंदणी क्रमांक आणि बीएसईकडचा क्रमांक जाहिरातीत असला पाहिजे. बाजारातील जोखमीचा ठरलेला इशारा द्यायचा, त्यात एकही शब्द वाढवायचा किंवा गाळायचा नाही. नोंदणी किंवा एनआयएसएमचं प्रमाणपत्र म्हणजे परताव्याची हमी नव्हे, हे वाक्यही लागतं. सेबीचा लोगो मात्र वापरता येत नाही. वेबिनार मराठीत असेल, तर इशाऱ्याचा मराठी मजकूरही मसुद्यासोबतच पाठवा, म्हणजे ऐनवेळी भाषांतरावर अडणार नाही. मंजुरी हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

मसुदा अडतो तो बहुतेक वेळा शीर्षकावर. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘दरमहा 10,000 रुपये, 15 वर्षांत अर्धा कोटी’. हिशेब चुकलेला नव्हता, कारण वर्षाला 12 टक्के धरले की आकडा तेवढाच येतो. पण 8 टक्केच मिळाले तर तीच रक्कम साडेचौतीस लाखांच्या आसपास राहते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र अर्धा कोटीच बसतो, आणि खाली बारीक अक्षरात ‘गृहीत धरलेला दर’ लिहून तो निघत नाही. आम्ही शीर्षक बदललं: ‘मुलीचं शिक्षण: आधी खर्चाचा हिशेब, मग गुंतवणूक’. आज 10 लाख लागणारं शिक्षण, खर्च वर्षाला 6 टक्क्यांनी वाढला तर 15 वर्षांनी सुमारे 24 लाखांवर जातं. या स्लाइडवर परताव्याचा एकही आकडा नाही, तरी पालक वही काढून बसतात.

पुढची स्लाइड घसरणीची ठेवा. जानेवारी 2008 मध्ये निफ्टी 6,200 च्या वर होता, त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला अडीच हजारांच्या आसपास आला. म्हणजे निफ्टीत ठेवलेल्या 10 लाखांचे कागदावर चारेक लाख उरले. हे पाहूनही जो पुढे बोलायला थांबतो, तो ग्राहक टिकतो असा माझा अनुभव आहे. तुमच्या सल्ल्याचा पडताळणी न झालेला जुना परतावा, ‘सर्वोत्तम’, ‘नंबर एक’ असे शब्द आणि ग्राहकांचे अभिप्राय या स्लाइडमध्ये येता कामा नयेत. वेबिनारला येणाऱ्यांसाठी बक्षिसाची स्पर्धाही नको.

प्रत्यक्ष कार्यक्रमात खरा धोका चॅटमध्ये असतो. जुना ग्राहक मायेनं लिहितो, ‘सरांमुळे पैसे दुप्पट झाले!’ ते वाचून दाखवायचं नाही, आणि रेकॉर्डिंग पुढे वापरणार असाल तर तेवढा भाग कापायचा. ‘कोणता फंड घेऊ?’ हा प्रश्न येणारच. नाव सांगू नका. त्या माणसाचं उत्पन्न, देणी आणि जोखीम पेलण्याची तयारी तपासल्याशिवाय दिलेलं उत्तर सल्ला म्हणून उभं राहत नाही, हे त्याला तिथेच मोकळेपणानं सांगा.

नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, ईमेल एवढंच मागा. पॅन आणि उत्पन्नाची माहिती नंतरच्या टप्प्यावर घ्यायची. ‘मला फोन केलेला चालेल’ हा चौकोन वेगळा आणि रिकामा ठेवा. ज्यांनी तो भरला नाही त्यांना फोन करू नका.

शेवटी ‘महिनाभर मोफत सल्ला’ असं आमिष दाखवू नका, मोफत चाचणीला सल्लागारांना मनाई आहे. 20 मिनिटांची ओळखभेट ठेवा आणि तिच्यात सेवा, शुल्क आणि पद्धत एवढंच बोला. पुढे जायचं ठरलं, तर केवायसी, जोखीम-तपासणी आणि लेखी करार झाल्यावरच शुल्क घ्या आणि मग सल्ला द्या. मंजूर झालेलं सगळं साहित्य, मंजुरीच्या पत्रासह, पाच वर्षं जपून ठेवा. दुसऱ्या वेबिनारसाठी शीर्षक किंवा एखादी स्लाइड बदलली, तर ती जुन्या मंजुरीवर चालवू नका, पुन्हा पाठवा.