टाइमलॅप्सचा इंटरव्हल ढगांवरून ठरवा

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस उघडला की नागपूरच्या फुटाळा तलावाच्या चौपाटीवर संध्याकाळी बरेच ट्रायपॉड दिसतात. समजा, तुम्हाला तिथल्या सूर्यास्ताची १२ सेकंदांची क्लिप हवी आहे. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम्सचा ठेवला, तर १२ गुणिले २५, म्हणजे ३०० फोटो लागतील. हा आकडा पक्का. खरा प्रश्न पुढचा आहे: दोन फोटोंमध्ये किती वेळ सोडायचा?

सरधोपट उत्तर असं की, दीड तास चित्रित करायचं आहे, म्हणजे ५४०० सेकंद. भागिले ३००, इंटरव्हल १८ सेकंद. गणित बरोबर आहे, पण क्लिप बहुधा बिघडेल, कारण या हिशेबात ढग कुठेच आलेले नाहीत.

म्हणून आधी कॅमेरा लावून फ्रेम पक्की करा आणि एखादा ढग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती वेळ घेतो ते घड्याळावर पाहा. समजा ५ मिनिटं लागली, म्हणजे ३०० सेकंद. १८ सेकंदांच्या इंटरव्हलने त्या ढगाचे जेमतेम सतराएक फोटो मिळतील आणि पडद्यावर तो पाऊण सेकंदाच्या आतच पळून जाईल. तोही सरकत नाही, उड्या मारतो. तोच ढग २ सेकंद दिसायला हवा असेल तर त्याचे ५० फोटो हवेत: ३०० भागिले ५०, इंटरव्हल ६ सेकंद. वाइड लेन्सवर हाच ढग जास्त वेळ फ्रेममध्ये राहतो, त्यामुळे लेन्स बदलली की हे मोजमाप पुन्हा करावं लागतं.

आता उलटा हिशेब. ३०० फोटो, ६ सेकंदांचा इंटरव्हल, म्हणजे १८०० सेकंद, अर्धा तास. दीड तासाचा हट्ट सोडावा लागतो, आणि माझ्या मते तो सोडावाच. सूर्य आकाशात ४ मिनिटांत साधारण १ अंश सरकतो आणि त्याची चकती अर्ध्या अंशाची, म्हणजे अर्ध्या तासात तो स्वतःच्या रुंदीच्या पंधरापट खाली येतो. १२ सेकंदांसाठी एवढी हालचाल भरपूर झाली. त्या दिवसांत नागपुरात सूर्य सहा-दहाच्या सुमारास मावळतो. पावणेसहाला सुरुवात करून सव्वासहाच्याही थोडं पुढे जा. मागेपुढे कापायला जादा ५० फोटो, म्हणजे आणखी ५ मिनिटं, हाताशी असलेली बरी.

एक मर्यादा मात्र काटेकोर पाळावी लागते. अंधारू लागलं की शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, शिवाय कॅमेऱ्याला फोटो कार्डावर लिहायलाही वेळ लागतो. ६ सेकंदांच्या इंटरव्हलला शटर ३-४ सेकंदांच्या पुढे नेऊ नका. त्याऐवजी आयएसओ वाढवा. नाहीतर कॅमेरा काही फोटो गाळतो. घरी आल्यावर फोटोंच्या वेळा ओळीने पाहा: कुठे ६ ऐवजी १२ सेकंदांचं अंतर दिसलं, तर क्लिपमध्ये ढगांना नेमका तिथेच धक्का बसलेला असेल.