बाण आणि पेला: खोक्यावरच्या दोन खुणांतला फरक

दोन उभे बाण आणि त्यांच्या शेजारी दांडीचा पेला. ही जोडी खोक्यांवर इतक्या वेळा एकत्र दिसते की दोन्ही मिळून ‘जपून न्या’ एवढंच सांगतात, असं बहुतेकांना वाटतं. मग माल पाठवणारा दोन्ही स्टिकर सरसकट चिकटवतो आणि उचलणारा दोन्हींकडे सारखंच दुर्लक्ष करतो. खरं तर या खुणा दोन वेगळ्या धोक्यांबद्दल आहेत. बाण खोक्याच्या दिशेबद्दल सांगतात, पेला धक्क्याबद्दल.

बाणांचा अर्थ: टोकं वरच्या दिशेला राहतील असंच खोकं ठेवा, नेताना आणि साठवतानाही. बाणांखालची आडवी रेघ म्हणजे तळ. सोबत इंग्रजीत ‘धिस साइड अप’ किंवा ‘धिस वे अप’ लिहिलेलं असतं. पहिल्याचा अर्थ ‘ही बाजू वर’, दुसऱ्याचा ‘वरची दिशा ही’. ‘ही बाजू वर’ असा नुसता मजकूर खोक्याच्या उभ्या भिंतीवर छापला, तर वाचणारा तीच भिंत वर करून खोकं आडवं ठेवू शकतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. म्हणून हे शब्द झाकणावर ठेवावेत आणि भिंतींवर बाण काढावेत. मराठीत लिहायचं तर ‘बाण वरच्या दिशेला ठेवा, आडवे करू नका’ हे सर्वांत निःसंदिग्ध.

पेल्याचा अर्थ: आतला माल नाजूक आहे, आपटू नका. ‘फ्रॅजाइल’, ‘हँडल विथ केअर’ हे शब्द त्याच्याच सोबतीचे. आत काच आहे असं ही खूण म्हणत नाही. आत काहीही असू शकतं. पेल्याला तडा गेल्याचं चित्र काही ठिकाणी छापतात, त्याचाही अर्थ हाच. मात्र पेला आणि शेजारी काटा-चमचा असं चित्र दिसलं तर ती वाहतुकीची खूणच नव्हे. ती वस्तू अन्नाच्या संपर्कात वापरायला योग्य आहे, एवढंच ती सांगते.

एकच खूण पुरते अशा वस्तू पाहिल्या की फरक चटकन कळतो. फ्रिज आडवा केला तर त्याला ओरखडाही येणार नाही, पण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरू शकतं. म्हणून फ्रिज आडवा नेला असेल तर काही तास उभा ठेवून मगच चालू करायला सांगतात. हे काम बाणाचं. उलट, सुटी हार्ड डिस्क उलटी, उभी, आडवी कशीही पाठवा, तिला फरक पडत नाही. पण ती हातातून फरशीवर पडली तर एवढ्यानेही निकामी होऊ शकते. हे काम पेल्याचं.

दोन्ही खुणा खरोखर लागतात असं एक खोकं घेऊ. खोकल्याच्या औषधाच्या १२ काचेच्या बाटल्या, मध्ये पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्यांचे कप्पे. हे खोकं कोणी आपटलं नाही, फक्त रात्रभर उलटं राहिलं. द्रवाचा भार आता झाकणांवर आला. एखादं झाकण किंचित सैल असेल तर औषध झिरपायला लागतं आणि पुठ्ठा ओला होतो. ओला पुठ्ठा ताकद गमावतो, कप्प्याची पट्टी मऊ पडून वाकते आणि शेजारच्या दोन बाटल्या एकमेकींना टेकतात. पुढच्या प्रवासात गाडीच्या साध्या हादऱ्यानेही त्या तडकू शकतात. माल पोचल्यावर फुटलेली काच पाहून सगळे म्हणतात, कोणीतरी आपटलं. प्रत्यक्षात पाळला गेला नाही तो बाण.

काय झालं हे खोकं उघडताना बऱ्याचदा ओळखता येतं. डाग वरच्या झडपांवर आहे, कोपरे शाबूत आहेत आणि काही झाकणांभोवती चिकटपणा आहे, तर खोकं उलटं राहिलं होतं. एक कोपरा चेपलेला आहे, त्याच कोपऱ्यातली बाटली फुटली आहे आणि ओल तिथूनच खाली पसरली आहे, तर ते पडलं. दोन्ही झालं असेल तर वरच्या झडपा आधी पाहाव्यात. उभ्या खोक्यात तळाशी फुटलेल्या बाटलीचं औषध सहसा वर जात नाही.

खुणा कुठे लावायच्या याचाही नियम आहे. आयएसओ ७८० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बाण आणि पेला दोन्ही खोक्याच्या चारही उभ्या बाजूंवर, वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ असावेत. दोन्ही असतील तर बाण कोपऱ्याच्या अधिक जवळ. नेहमीच्या वापरासाठी खुणेची उंची १००, १५० किंवा २०० मिलिमीटर आणि रंग काळा. लाल, नारिंगी, पिवळा हे रंग टाळायला सांगितलं आहे, कारण धोकादायक मालाच्या लेबलांशी गल्लत होते. बाजारात मिळणारे लालभडक ‘फ्रॅजाइल’ स्टिकर या सल्ल्याच्या अगदी विरुद्ध जातात. धोकादायक द्रवाच्या खोक्यांवर दिशादर्शक बाणांचे नियम वेगळे आहेत: तिथे ते समोरासमोरच्या दोन बाजूंवर लागतात, लाल रंगही चालतो, आणि अशा खोक्यावर दुसऱ्या कुठल्याही कामाचा बाण काढायला मनाई असते, अगदी ‘इथून उघडा’ याचाही.

दोन्ही खुणा रचण्याबद्दल गप्प आहेत. पेला पाहून ‘यावर काही ठेवायचं नाही’ असं समजू नये; त्यासाठी एकावर एक खोकी आणि त्यांवर फुली अशी वेगळी खूण असते. तरी बाणाचा रचण्याशी आडून संबंध आहे. नालीदार पुठ्ठ्याच्या भिंतींमधल्या नाल्या सहसा उभ्या असतात आणि वरचा भार त्याच पेलतात. खोकं कुशीवर झोपवलं की काही भिंतींमधल्या नाल्या आडव्या होतात आणि तेच खोकं बरंच कमी वजन सोसतं.

पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर, उभा रचून जाणारा माल असेल तर बाण बऱ्यापैकी पाळले जातात. सुट्या पार्सलचं तसं नसतं. वर्गीकरणाच्या पट्ट्यावर खोकं घसरतं, कलंडतं, आणि यंत्राला बाण कळत नाही. वेष्टनांच्या चाचण्या ठरवणाऱ्या ‘इस्टा’ या संस्थेच्या प्राथमिक चाचणीत खोकं १० वेळा पाडतात: एक कोपरा, तीन कडा आणि सहाच्या सहा बाजूंवर. म्हणजे उलटं पडणं तिथे गृहीतच धरलेलं आहे. म्हणून पार्सलने बाटल्या पाठवणाऱ्याने आधी झाकणाला सील लावावं, बाटली पिशवीत घालावी, सगळ्या बाजूंनी उशी द्यावी, आणि बाण त्यानंतर.

माल महाग असेल तर या दोन खुणांच्या जोडीला खोक्यावर चिकटवायचे दोन दर्शक मिळतात. खोकं ठराविक कोनापलीकडे कललं की झुकाव-दर्शक रंग बदलतो. धक्का-दर्शक ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा धक्का बसला की लाल होतो. एकाचं काम दुसरा करत नाही, म्हणून फ्रिजला पहिला आणि हार्ड डिस्कला दुसरा. माल घेताना दर्शक बदललेला दिसला तर त्याचा फोटो काढावा, पोचपावतीवर सही करण्याआधी ‘झुकाव-दर्शक लाल’ किंवा ‘धक्का-दर्शक लाल’ असं नेमकं लिहावं आणि वाहतूकदाराच्या माणसासमोरच खोकं उघडून पाहावं.