वर्गाच्या सरासरीसाठी लागणारी गुणवाढ

वर्गाची सरासरी ठरलेल्या आकड्यापर्यंत न्यायची असेल, तर पुढच्या चाचणीत सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून आधीपेक्षा जितके जास्त गुण मिळवावे लागतात, तितकी ही गुणवाढ. शिक्षक सहसा सरासरीच्या भाषेत बोलतात, ‘या वेळी वर्ग सोळावर न्यायचा’ असे म्हणतात. पण सरासरीवरून काम कोणाकडून किती करून घ्यायचे ते कळत नाही. ते एकूण गुणांत मांडले की कळते. हिशोब एका ओळीचा आहे: ध्येयाच्या सरासरीतून सध्याची सरासरी वजा करायची आणि आलेल्या फरकाला विद्यार्थिसंख्येने गुणायचे.

समजा, चाळीस मुलांच्या तुकडीची २५ गुणांची घटक चाचणी झाली आणि सरासरी १४.२ आली. म्हणजे तुकडीची एकूण बेरीज ५६८. शिक्षकांना पुढच्या तेवढ्याच गुणांच्या चाचणीत सरासरी १६ हवी आहे, म्हणजे बेरीज ६४० व्हायला हवी. फरक ७२ गुणांचा. प्रत्येकी काढला तर तो १.८ येतो आणि ‘प्रत्येकाने दोन गुण वाढवा’ एवढे सांगितले की झाले, असे वाटते. इथेच पहिली गफलत होते, कारण सगळ्यांकडे दोन गुण वाढवायला जागाच नसते.

गुणतक्ता उघडून पाहिला की हे दिसते. या तुकडीतल्या चौघांना २४ आणि दोघांना २३ गुण आहेत. या सहा जणांनी पैकीच्या पैकी मिळवले तरी त्यांच्याकडून फार तर ८ गुण वाढतील. मधल्या बावीस जणांची सरासरी १५ आहे, उरलेल्या बारा जणांची ८. आता ७२ गुण वाटून पाहू. वरच्या सहांकडून सगळे मिळून २ धरले आणि मधल्या बावीस जणांकडून प्रत्येकी १ धरला, तर २४ झाले. राहिलेले ४८ खालच्या बारा जणांकडून यायला हवेत, प्रत्येकी ४. म्हणजे त्यांची सरासरी ८ वरून १२ वर जायला हवी. ‘प्रत्येकाने दोन गुण वाढवा’ या वाक्याचा या वर्गातला खरा अर्थ हा आहे. आठ गुणांवर असलेल्या मुलाचे चार गुण बहुतेक वेळा एखाद्या घटकात अडकलेले असतात: अपूर्णांकांची बेरीज येत नाही, किंवा शाब्दिक उदाहरणाचे समीकरण मांडता येत नाही. पुढच्या चाचणीतही त्या घटकावर प्रश्न असेल, तर तेवढाच पक्का करून घेतला तरी चार गुण मिळू शकतात. मधल्या गटाचा एकेक गुण मात्र विखुरलेला असतो. कुठे एकक लिहायचे राहिलेले असते, कुठे पायरी सुटलेली असते.

ही वाटणी एकमेव नाही. मधल्या गटाने प्रत्येकी २ गुण वाढवले, तर खालच्या बारा जणांवर फक्त २६ गुणांचा भार राहतो. पण वरच्या सहांवर मोठी अपेक्षा ठेवणारी कोणतीही वाटणी कागदावरच राहते. उलट त्यांच्याकडून थोडी घसरण धरून चालणे शहाणपणाचे. एका चाचणीत अगदी वर आलेले विद्यार्थी पुढच्या वेळी सरासरीकडे थोडे खाली सरकतात आणि अगदी खाली असलेले थोडे वर येतात, कारण दोन्ही टोकांच्या गुणांत त्या दिवसाच्या नशिबाचा वाटा असतो. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून हीच प्रवृत्ती मांडली. त्यामुळे खालच्या गटाची सगळीच वाढ शिकवण्याच्या खाती जमा करू नये. शिवाय ७२ ही निव्वळ वाढ आहे. एक हुशार मुलगी तापात पेपर देऊन २४ वरून १८ वर आली, तर दुसऱ्या कोणाला तरी ६ गुण जास्त मिळवावे लागतात.

गैरहजेरीने हा हिशोब जितका बिघडतो, तितका दुसऱ्या कशाने क्वचितच. वरच्या योजनेप्रमाणे सगळे घडले, पण खालच्या गटातले ८ गुणांवरचे तिघे चाचणीला आले नाहीत असे धरू. आलेल्या ३७ जणांची बेरीज ६०४ होते आणि सरासरी १६.३२. ध्येय गाठलेच, वर थोडे जास्तही, असे वाटते. पण त्या तिघांना शून्य धरून चाळीसने भागले, तर तीच बेरीज १५.१ दाखवते. दोन्ही आकडे दिशाभूल करतात. पहिल्यात कमी गुणांची मुले वगळल्यामुळे सरासरी आपोआप फुगली आहे आणि दुसऱ्यात न दिलेल्या पेपरला शून्याची किंमत दिली आहे. प्रामाणिक तुलना दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच करायची. त्या ३७ जणांची आधीची बेरीज ५४४ होती, म्हणजे सरासरी १४.७. ती १६ वर न्यायला ४८ गुण लागत होते आणि वाढ ६० गुणांची झाली. वाढ खरी आहे, पण १४.२ वरून १६.३२ असे म्हणताना दिसते तितकी मोठी नाही. हजेरीपट शेजारी न ठेवता दोन सरासऱ्या ताडल्या, तर हा फरक लक्षात येत नाही.

ध्येय नेमके कशाच्या सरासरीचे आहे, हेही आधी ठरवावे लागते. वरचे ७२ गुण पुढच्या एका चाचणीची सरासरी १६ व्हावी म्हणून आहेत. दोन्ही चाचण्यांची मिळून सरासरी १६ हवी असेल, तर दुसरी चाचणी १७.८ ची व्हायला हवी आणि गुणवाढ दुप्पट, १४४ होते. आधीच्या दोन चाचण्या १४.२ च्या असतील, तर तिसरी १९.६ ची लागते आणि गुणवाढ २१६ वर जाते. मागची प्रत्येक चाचणी पुढच्या चाचणीवर उधारी चढवत जाते. म्हणून वर्षभराच्या सरासरीचे ध्येय सहामाहीनंतर ठरवले, तर ते बहुतेक वेळा आवाक्याबाहेरचे निघते. २५ गुणांच्या चाचणीनंतर ८० गुणांची परीक्षा असेल, तर आधी शेकड्यात आणून मगच वजाबाकी करावी: १४.२ म्हणजे ५६.८ टक्के, १६ म्हणजे ६४ टक्के, आणि ८० पैकी ६४ टक्के म्हणजे ५१.२ गुण.

सरासरीचे ध्येय आणि शेकडा निकालाचे ध्येय वर्गाला वेगवेगळ्या दिशांना ओढतात. निकाल वाढवायचा असेल, तर लक्ष उत्तीर्णतेच्या काठावरच्या मुलांवर जाते, कारण ३५ टक्क्यांच्या अलीकडचा एक गुण निकाल बदलतो आणि बाकीचे गुण काहीच बदलत नाहीत. सरासरीत मात्र ३ वरून ७ वर गेलेल्या मुलाचे चार गुण पुरेपूर मोजले जातात, तो अजून अनुत्तीर्ण असला तरी. अगदी मागे राहिलेल्यांसाठी म्हणूनच सरासरीचे ध्येय अधिक न्यायाचे आहे.

दुसरी प्रश्नपत्रिका सोपी निघाली, तर ७२ गुण कोणी काहीही जास्त न शिकता वाढतात. याची खूण गुणतक्त्यातच मिळते: वाढ ज्या घटकांवर काम केले तिथे न दिसता सगळ्या प्रश्नांत आणि सगळ्या गटांत सारखीच पसरलेली दिसते. ते पडताळायला दोन्ही चाचण्यांत समान काठिण्याचे दोन-तीन प्रश्न आकडे बदलून ठेवतात आणि त्यांचे गुण वेगळे मोजतात. १५.५ ला १६ म्हणायचे की नाही, हेही चाचणीआधीच ठरवून ठेवावे, कारण एवढ्या सवलतीने लागणारी वाढ ७२ वरून ५२ वर येते.