चष्म्याचा नंबर म्हणजे एक अंतर

आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीला नुकताच उणे दोन नंबरचा चष्मा लागला आणि घरात नेहमीची चर्चा सुरू झाली. इतक्या लहान वयात चष्मा लावला तर डोळ्यांना त्याची सवय होईल आणि नंबर वाढतच जाईल, असे आजीचे म्हणणे होते. तर उणे दोन म्हणजे नजर दोन टक्क्यांनी कमी झाली असावी, असा तिच्या वडिलांचा समज होता. दोन्ही समजुतींचे मूळ एकच आहे. नंबर नेमका कशाचा, हे चष्मा वापरणाऱ्यांनाही सहसा सांगितले जात नाही.

तो नंबर एका अंतराचा असतो. भाचीला चष्मा काढायला सांगून मी टेबलावर मोजपट्टी ठेवली आणि पाठ्यपुस्तक तिच्या डोळ्यांपासून हळूहळू लांब सरकवत नेले. बारीक अक्षरांच्या कडा अर्ध्या मीटरच्या आसपास विरघळू लागल्या. एक भागिले अर्धा मीटर म्हणजे दोन. हाच तिचा नंबर, आणि तो मोजण्याच्या एककाला डायॉप्टर म्हणतात. हे एकक 1872 साली मोनोयर या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने सुचवले. अक्षरे एकदम धूसर होत नसल्यामुळे या घरगुती मापनात चूक राहतेच, त्यामुळे चष्मा अर्थातच यावरून करून घेऊ नये. पण नंबरामागची कल्पना यातून स्पष्ट होते.

एक भागिले अंतर हे गणित कोठून आले, हे समजण्यासाठी प्रकाशाकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. अक्षराच्या एखाद्या ठिपक्यापासून निघालेले किरण चहूकडे पसरत जातात. ठिपका जवळ असेल तर डोळ्याच्या बाहुलीत शिरणारे किरण एकमेकांपासून बरेच फाकलेले असतात. तो दूर असेल तर बाहुलीएवढ्या लहान छिद्रात शिरणारे किरण जवळजवळ समांतर होतात. हा फाकलेपणा अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाव मीटरवरून आलेल्या प्रकाशाचा फाकलेपणा चार डायॉप्टर, अर्ध्या मीटरवरून आलेल्याचा दोन आणि एक मीटरवरून आलेल्याचा एक. सहा मीटरवर तो केवळ 0.17 उरतो, म्हणजे चष्म्याचे नंबर ज्या 0.25 च्या टप्प्यांनी वाढतात त्यातील एका टप्प्यापेक्षाही कमी. म्हणूनच डोळे तपासण्याचा तक्ता सहा मीटरवर लावतात, आणि खोली लहान असेल तर आरसा लावून तेवढे अंतर साधतात.

हे फाकलेले किरण दृष्टिपटलावर पुन्हा एका बिंदूत गोळा करणे हे डोळ्याचे काम. विश्रांत अवस्थेत डोळ्याची एकूण शक्ती साधारण 60 डायॉप्टर असते आणि तिचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग समोरच्या पारदर्शक पारपटलाचा असतो, आतल्या भिंगाचा नव्हे. पाण्याखाली डोळे उघडल्यावर सगळे धूसर दिसते ते यामुळेच: पारपटलाच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखेच माध्यम आले की त्याची शक्ती बहुतेक नाहीशी होते.

प्रौढ माणसाचा डोळा समोरून मागे सुमारे 24 मिलिमीटर लांब असतो. वाढीच्या वयात तो गरजेपेक्षा एक मिलिमीटर जास्त लांबला, तर सुमारे अडीच डायॉप्टरची निकटदृष्टिता येते. भाचीच्या बाबतीत सगळा घोळ एका मिलिमीटरहूनही कमी लांबीचा आहे. तिच्या डोळ्यात दूरचे समांतर किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि पुढे पुन्हा पसरतात, त्यामुळे फळ्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा पडद्यावर एक लहान डाग होतो. अर्ध्या मीटरवरून आलेले किरण मात्र आधीच दोन डायॉप्टरने फाकलेले असल्यामुळे त्यांना एकत्र यायला थोडे जास्त अंतर लागते आणि ते बरोबर पडद्यावर जुळतात.

आता उणे दोनचे अंतर्गोल भिंग काय करते ते पाहा. दूरच्या डोंगरावरून आलेल्या समांतर किरणांना ते नेमके दोन डायॉप्टरने फाकवते, म्हणजे ते अर्ध्या मीटरवरून निघाले असावेत असे करून डोळ्याकडे पाठवते. चष्मा तिच्या डोळ्यात कोणतीही दुरुस्ती करत नाही. तो सगळा दूरचा देखावा, आभासी प्रतिमेच्या रूपात, तिच्या डोळ्याला झेपणाऱ्या अंतरावर आणून ठेवतो. मला स्वतःला प्रकाशशास्त्रातील ही सर्वांत देखणी युक्ती वाटते. बहिर्गोल भिंगांचे चष्मे तेराव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीत वापरात होते, पण ते का उपयोगी पडतात हे केप्लरने 1604 साली उलगडेपर्यंत तीनशे वर्षे गेली.

यावरून आजीच्या शंकेचे उत्तरही मिळते. मुलांचा नंबर वाढतो तो डोळा लांबत असतो म्हणून. काचेची सवय लागून डोळा लांबत नाही. मलेशियात काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिले, तेव्हा त्यांचा नंबर पूर्ण चष्मा लावणाऱ्या मुलांपेक्षा किंचित जास्तच वाढल्याचे 2002 साली प्रसिद्ध झाले. डोळे गरगर फिरवण्याच्या व्यायामाने किंवा तूप-बदामाने लांबलेला डोळा आखूड होत नाही. लहानपणी दिवसा उघड्यावर जास्त वेळ घालवल्यास निकटदृष्टिता सुरू होण्याची शक्यता मात्र कमी होते.

दूरदृष्टितेत डोळा आखूड असतो आणि शक्ती कमी पडते. पण हा दोष लबाड आहे. अधिक दोन नंबर असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते, कारण कमी पडणारे दोन डायॉप्टर त्याचे लवचीक भिंग स्वतःच फुगून भरून काढते. पुस्तक 33 सेंटिमीटरवर धरले की आणखी तीन लागतात, म्हणजे एकूण पाच. त्या वयात दहाहून अधिक डायॉप्टर हाताशी असल्यामुळे तेही भागते, फक्त काही मुलांचे संध्याकाळी डोके दुखते. म्हणूनच लहान मुलांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून भिंगाची ही धडपड थांबवतात आणि मगच खरा नंबर मोजतात. अशा मुलाला बहिर्गोल भिंग दिले की उणीव काच भरून काढते आणि भिंगाला विश्रांती मिळते.

वयाबरोबर भिंगाचा हा लवचीकपणा ओसरत जातो आणि वाचनाचा चष्मा लागतो, ज्याला आपण वयावरूनच चाळिशी म्हणतो. सत्तरीतही चष्म्यावाचून वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांचे कौतुक घरोघरी ऐकू येते. त्यांपैकी पुष्कळांना उणे दोन-अडीचची निकटदृष्टिता असते. अडीच म्हणजे 40 सेंटिमीटर, म्हणजे वर्तमानपत्र धरण्याचे अंतर. पण आयुष्यभर ज्यांना वाचायला चष्मा लागत होता आणि या वयात तो आपोआप ‘सुटला’, त्यांची गोष्ट वेगळी आहे. मोतीबिंदूच्या एका प्रकारात भिंगाचा गाभा घट्ट होऊन त्याची शक्ती वाढते आणि डोळा निकटदृष्टीचा होतो. अशा आजोबांना योगासनांचे श्रेय देण्याआधी, फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखता येतो का, ते विचारावे.