इतिहास-निबंधावरील शेरे आणि पुढचा निबंध

तपासून परत आलेल्या इतिहासाच्या निबंधावर शिक्षकांनी लिहिलेले शेरे वाचून पुढच्या, बहुधा वेगळ्याच विषयावरच्या निबंधात सुधारणा करण्याची ही अभ्यासपद्धती आहे. खरी अडचण विषय बदलण्यातच आहे. ‘सन चुकला’ हा शेरा त्या एका निबंधापुरताच असतो, तो दुरुस्त केला की संपला. ‘वर्णन झाले, कारणमीमांसा कुठे?’ हा शेरा मात्र लिहिणाऱ्याच्या सवयीवर असतो आणि प्रत्येक विषयात त्याच्यामागे येतो. म्हणून परत आलेल्या निबंधातले शेरे आधी या दोन ढिगांत वेगळे करावे लागतात.

शेऱ्याशेजारी गुण दिसले की नजर गुणांवरच थांबते. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेल्या विद्यार्थ्यांचे पुढचे काम सुधारले. शेरे आणि गुण दोन्ही मिळालेल्यांना तसा फायदा झाला नाही. निबंध हाती आल्यावर गुण पाहून तो बाजूला ठेवावा आणि शेरे दुसऱ्या दिवशी, शेजारी कोरा कागद घेऊन वाचावेत, असे अनुभवी शिक्षक सांगतात ते याचसाठी.

कारणमीमांसेचा शेरा वारंवार येतो आणि त्याचा अनेकदा चुकीचा अर्थ लावला जातो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांवरील निबंधातला हा परिच्छेद पाहा: ‘फ्रान्सने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मदत केली. १७८८ मध्ये पीक बुडाले. ५ मे १७८९ रोजी इस्टेट्स जनरल ही तिन्ही समाजवर्गांच्या प्रतिनिधींची सभा भरली. १४ जुलैला बास्तीयचा तुरुंग पडला.’ यातले एकही वाक्य खोटे नाही. समासात शेरा येतो, ‘अधिक स्पष्ट करा.’ विद्यार्थी प्रामाणिकपणे आणखी माहिती भरतो: पावाची महागाई, राणीचा खर्च, तीन इस्टेटींची म्हणजे समाजवर्गांची नावे. परिच्छेद दुप्पट होतो आणि तोच शेरा पुन्हा मिळतो. शिक्षकांना आणखी घटना नको होत्या, घटनांमधला दुवा हवा होता.

तो दुवा असा दाखवता येतो: ‘अमेरिकेतील युद्धाने आधीच जड झालेले कर्ज आणखी वाढवले. जुन्या करांतून ते फिटेना, आणि नव्या करांना विशेषाधिकारी वर्ग राजी होईनात. म्हणून १६१४ नंतर प्रथमच इस्टेट्स जनरल बोलवावी लागली. बुडालेल्या पिकाने हे संकट निर्माण केले नाही, पण त्याच सुमारास पाव महागल्याने दरबारातला पेच रस्त्यावर आला.’ माहिती जवळपास तेवढीच आहे. भर पडली ती ‘म्हणून’ची, आणि कोणत्या कारणाने काय घडवले व काय घडवले नाही याच्या निवाड्याची.

आता पुढचा निबंध पहिल्या महायुद्धाच्या कारणांवर आहे असे समजू. जुना शेरा जसाच्या तसा आठवून उपयोग होत नाही. त्याचा प्रश्न करून तो आराखड्याच्या डोक्यावर लिहावा लागतो: ‘ही घटना वगळली तर पुढची घडली असती का?’ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाची साराजेव्होतील हत्या २८ जून १९१४ ची, ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले ते २८ जुलैला. प्रश्न समोर असला की हा मधला महिना डोळ्यांत भरतो. हत्येने युद्ध आपोआप सुरू झाले असते तर महिना कशात गेला? जुलैच्या सुरुवातीला जर्मनीने ऑस्ट्रिया-हंगेरीला दिलेले पाठबळ आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने २३ जुलैला सर्बियाला दिलेला निर्वाणीचा खलिता यांना आता निबंधात काम मिळते. परिच्छेदाचे पहिले वाक्य तारखेऐवजी दाव्याने सुरू होते: ‘हत्येने निमित्त दिले, युद्धाचा निर्णय पुढच्या महिन्यात घेतला गेला.’ इतिहासकारांचे यावर मतभेद आहेत, आणि म्हणूनच हा दावा पुराव्यानिशी मांडावा लागतो.

मसुदा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य वाचून पाहावे. ती वाक्ये सलग वाचताना सनावळी ऐकू आली तर सवय अजून गेलेली नाही. युक्तिवाद ऐकू आला तर शेरा लागू पडला. एका निबंधासाठी असे एक किंवा दोनच शेरे घ्यावेत. आठ शेरे एकदम सांभाळू पाहणाऱ्याचे लक्ष लिहिण्यावरून उडते आणि निबंध भित्रा होतो.

या पद्धतीला मर्यादा आहे ती शेऱ्याचीच. नुसती नागमोडी रेघ, प्रश्नचिन्ह किंवा ‘उथळ’ असा एकच शब्द यातून कृती निघत नाही. अशा वेळी आपले वाक्य दोन प्रकारे पुन्हा लिहून शिक्षकांकडे न्यावे आणि ‘सर, यांतले कोणते तुम्हाला अपेक्षित होते?’ असे विचारावे. ‘उथळ म्हणजे काय?’ या प्रश्नाला बहुधा व्याख्या मिळते, तर दोन वाक्ये समोर ठेवली की शिक्षक त्यांपैकी एकावर बोट ठेवतात आणि का तेही सांगतात.