(X − M) आणि (R − P): दोन कंस, दोन वेगळे हिशेब

राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितात घसारा वजा केला की 'स्थूल'चं 'निव्वळ' होतं. अप्रत्यक्ष कर वजा करून अनुदान मिळवलं की बाजारभावावरून घटक खर्चावर येता येतं. इथे फारसं कुणी अडत नाही, चुकलंच तर घाईत. बारावीच्या नि बीकॉमच्या वह्या तपासताना मला दरवर्षी वैताग येतो तो निव्वळ निर्यात आणि परदेशातून मिळणारं निव्वळ घटक उत्पन्न यांच्या अदलाबदलीचा. C + I + G + (X − M) + (R − P) हे सूत्र तोंडपाठ असतं: C उपभोग खर्च, I गुंतवणूक, G सरकारी खर्च, X निर्यात, M आयात, R परदेशातून आलेलं घटक उत्पन्न, P परदेशात गेलेलं. पण दोन्ही कंसांत परदेश आहे म्हणून त्यातला एक लिहिला की भागलं, असं मुलांना वाटतं.

चाकणमधला एखादा जर्मन मालकीचा कारखाना घ्या. तिथे बनलेली गाडी परदेशात विकली गेली की तिची किंमत X मध्ये जाते. त्याच कारखान्याचा नफा जर्मनीतल्या मालकाकडे गेला की तो P मध्ये जातो. गाडी भारतात बनली, म्हणून ती देशांतर्गत उत्पादनात आहे, मालक कुणीही असो. नफा मात्र भारतीयांचा नाही, म्हणून राष्ट्रीय उत्पन्न काढताना तो वजा होतो. उलट, कोथरूडमधल्या कुणाला परदेशी शेअर्सवर लाभांश मिळाला तर तो R. आणि दुबईत स्थायिक असलेल्या भावाने घरी पाठवलेले पैसे? ते हस्तांतरण, या चारांपैकी कशातच नाहीत.

M वजा का करायचं, हेही एकदा समजून घ्यावं. C, I आणि G मध्ये आयात वस्तूंवर झालेला खर्च आधीच मिसळलेला असतो. तो बाहेर काढल्याशिवाय देशात किती उत्पादन झालं ते कळत नाही. म्हणजे (X − M) शिवाय देशांतर्गत उत्पादनच पुरं होत नाही. देशांतर्गतवरून राष्ट्रीयकडे नेणारा कंस एकच, (R − P).

आता गणित. सगळे आकडे कोटींत. C 500, स्थूल गुंतवणूक 120, G 180, X 60, M 90, R 15, P 25, घसारा 40, अप्रत्यक्ष कर 70, अनुदान 10. स्थूल देशांतर्गत उत्पादन 800 − 30 = 770. स्थूल राष्ट्रीय उत्पादन 770 − 10 = 760. घसारा काढला की 720, मग कर वजा, अनुदान अधिक, म्हणजे 660.

गोंधळलेला विद्यार्थी 800 लाच 'देशांतर्गत' म्हणतो, त्यातून 30 काढून 770 ला 'राष्ट्रीय' म्हणतो आणि शेवटी 670 वर पोचतो. उत्तरात 10 चा फरक, म्हणजे नेमका राहून गेलेला (R − P). जुनी प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवण्याचा खरा उपयोग हाच. उत्तर चुकलं की नुसती फुली मारू नका, फरकाचा आकडा प्रश्नात शोधा. 40 चा फरक असेल तर घसाऱ्याचा घोळ आहे. बहुधा प्रश्नात गुंतवणूक 'निव्वळ' दिलेली असते आणि तरी घसारा पुन्हा कापलेला असतो.

अप्पा बळवंत चौकात मिळणारे सोडवलेले संच मला या कामासाठी आवडत नाहीत. सूत्र, किमती, उत्तर, संपलं. कुठला आकडा कुठल्या कंसात का गेला, हे त्यात बहुतेक वेळा नसतं. त्यापेक्षा कोरी प्रश्नपत्रिका घ्या, सूत्र लिहिण्याआधी प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं अक्षर लिहा. 'परदेशांना दिलेलं निव्वळ उत्पन्न 10' असं असेल तर (R − P) उणे 10, हे तिथेच टिपून ठेवा. काही दिवसांनी तोच प्रश्न घ्या, पण मागणी बदला: राष्ट्रीय विचारलं होतं तर देशांतर्गत काढा. पाठ झालेलं उत्तर मग कामाला येत नाही.

जुना प्रश्न फिरवून सोडवण्याचा हाच उपाय मागणीच्या लवचीकतेच्या गणितातही चालतो. तिथे अंश-छेद उलटे होणं ही किरकोळ गोष्ट: मागणीतला बदल अंशात, किमतीतला छेदात. जपायचं ते पायाभूत आकड्याला. किंमत 20 वरून 16 झाली आणि मागणी 100 वरून 130, तर 30 टक्के भागिले 20 टक्के, 1.5. तीच किंमत 16 वरून 20 झाली आणि मागणी 130 वरून 100, तर सुमारे 23 टक्के भागिले 25 टक्के, 0.92. बिंदू तेच, पण एकीकडे 1 च्या वर म्हणून लवचीक आणि दुसरीकडे 1 च्या खाली म्हणून अलवचीक. शेकडेवारी पद्धतीत टक्के काढताना पाया मूळ आकडाच असतो, नवा नाही. जुना प्रश्न उलट दिशेने सोडवून पाहा. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, तर एका बाजूला तुम्ही नवा आकडा पाया धरला आहे.