रात्री साडेनऊचा कॉल: पुणे-कॅलिफोर्निया वेळेच्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यात सकाळी 9 ते संध्याकाळी 6 ऑफिस चालतं, तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ ते पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. दोन्हीकडच्या कामाच्या वेळेतला एकही तास जुळत नाही. म्हणजे दोन्हीकडे माणसं असलेल्या टीमला रोजचा कॉल ठेवायचा तर कुणालातरी घरचा वेळ मोडावाच लागतो. भांडण आहे ते तो नेहमी कुणी मोडायचा यावर.

1985 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र उघडलं आणि उपग्रहाच्या जोडणीवरून तिथलं काम अमेरिकेत जाऊ लागलं. तेव्हा वेळेतला फरक हा फायदाच वाटत होता, कारण तिकडची माणसं झोपेत असताना इकडे काम पुढे सरकायचं. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी परदेशी क्लायंटची कामं घेतली. क्लायंट पैसे देणारा, त्यामुळे कॉलही त्याच्या सोयीने. तो एक व्यवहार होता आणि दोन्ही बाजूंना मान्य होता.

पुढे आणखी अनेक परदेशी कंपन्यांनी भारतात स्वतःची केंद्रं काढली. आता पलीकडचा माणूस क्लायंट राहिला नाही. एकाच कंपनीतला, एकाच टीममधला, बहुतेक वेळा समान हुद्द्याचा सहकारी झाला. घड्याळ मात्र क्लायंटच्याच काळातलं राहिलं. माझ्या मते आजच्या कटुतेचं मूळ इथे आहे. नातं बदललं, पण कॉलची वेळ पुन्हा ठरवायला कुणी बसलंच नाही.

वेळ कुणाच्या घड्याळाला बांधलेली आहे, हे कॅलेंडरच्या फाइलमध्ये स्पष्ट दिसतं. कॅलिफोर्नियातल्या मॅनेजरने दर सोमवारी सकाळी आठचं इन्व्हाइट पाठवलं, तर आत असं लिहिलेलं असतं:

```
DTSTART;TZID=America/Los_Angeles:20250303T080000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=MO
```

म्हणजे वेळ `America/Los_Angeles`ला, कॅलिफोर्नियाच्या घड्याळाला बांधलेली आहे. 3 मार्च 2025ला हा कॉल पुण्यात रात्री साडेनऊला आला. 9 मार्चला अमेरिकेने उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे केली आणि 10 तारखेचा कॉल साडेआठला आला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली, तसा तो पुन्हा साडेनऊवर गेला. कॅलिफोर्नियात वर्षभर सकाळचे आठच होते. मुलांच्या झोपण्याची, आई-वडिलांच्या जेवणाची घडी वर्षातून दोनदा बदलली ती पुण्यातल्या घरांत, आणि भारतात तर घड्याळ बदलतही नाही. तेच इन्व्हाइट `Asia/Kolkata` वर, म्हणजे भारताच्या वेळेवर काढलं असतं, तर हा बदल तिकडच्यांच्या वाट्याला आला असता.

साडेनऊ या वेळेला महाराष्ट्रात आणखी एक अर्थ आहे. राज्याच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिला घरापर्यंत पोचवण्याची सोय करावी लागते. या तरतुदी लिहिताना डोळ्यांसमोर ऑफिस होतं. 2020 नंतर कॉल घरून होऊ लागले, कॅबचा प्रश्न मिटला आणि त्याबरोबर संमती विचारण्याची वेळही येईनाशी झाली. कंपनीचा खर्च वाचला म्हणून उशिराचे कॉल वाढवणं सोपं झालं, हे त्या टीममधल्या बायकांना कुणी समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेपुढे घरचा वेळ कुणी मोडायचा हाच प्रश्न आला. तिच्या परिषदा अमेरिका, युरोप, आशिया अशा फिरत असत. त्या ऑनलाइन झाल्यावरही घड्याळ आळीपाळीनेच ठेवलं गेलं. नोव्हेंबर 2020ची परिषद बँकॉकला व्हायची होती, ती ऑनलाइन झाली तरी बँकॉकच्या वेळेने चालली आणि अमेरिकेतल्या लोकांनी रात्री जागून हजेरी लावली. 2023 साली आरएफसी 9400 या दस्तऐवजात त्रास वाटून घेण्याचं हे तत्त्व लेखी आलं.

आळीपाळीचा हा उपाय दोन ठिकाणांना सरळ बसतो. उन्हाळ्यात एका आठवड्यात पुण्याची रात्र साडेआठ, पुढच्या आठवड्यात पुण्याची सकाळ साडेसात, म्हणजे कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची संध्याकाळ सात. लंडन टीममध्ये आलं की गाडी अडते. साडेआठच्या कॉलला लंडनमध्ये दुपारचे चार, पण साडेसातच्या कॉलला पहाटेचे तीन. म्हणून तीन ठिकाणांच्या टीममध्ये कॉल हटकून पुण्याच्या रात्रीवर येऊन थांबतो. बाकी दोघांना ती वेळ इतकी सोयीची असते की तिच्यात कुणाचं नुकसान आहे, हे बोलल्याशिवाय लक्षातही येत नाही.

अशा टीममध्ये कॉल दोन भागांत करावा लागतो: एकदा लंडन-पुणे, एकदा लंडन-कॅलिफोर्निया. पण पक्का निर्णय दुसऱ्या कॉलमध्येच होत असेल, तर पुण्याचे लोक त्यालाही रात्री येऊन बसतात. निर्णय लेखी मांडून पुण्याचा पुढचा पूर्ण कामाचा दिवस त्यावर हरकतीसाठी खुला ठेवला, तरच रात्री लॉगिन न करणाऱ्याचं मत मोजलं जातं.